फडक्यात राहतो तो चोथा

माझ्या आत्याने आयुष्यात दोनच शब्दांवरून माझ्याशी भांडण काढलं. पहिला शब्द ‘हट्टी’, तो मी तिला म्हटला होता आणि अजूनही म्हणते. दुसरा ‘चोथा’. तो माझा नव्हता, पुस्तकातला होता. पण ज्या कागदावर तो छापलेला होता तो कागद मी तिच्या हातात दिला होता. त्यामुळे शिव्या मलाच बसल्या.

तेव्हा मी शहापूरच्या एका खासगी दवाखान्यात आहारतज्ज्ञ होते. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. ‘आहारतज्ज्ञ’ म्हटलं की शहापुरातली माणसं आधी दचकायची आणि मग विचारायची, ‘म्हंजे तुमी सैपाक करता?’ मी ‘हो’ म्हणून टाकायचे. साखरेच्या आजाराच्या पेशंटना काय खावं, काय नको, हे समजावणं माझं काम. आमच्याकडे एक छापील कागद होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘चोथायुक्त आहार घ्या. उदा. ओट्स, नाचणी, मोड आलेली कडधान्ये, इसबगोल.’ हा कागद मी शेकडो जणांना दिला असेन. कुणी तक्रार केली नाही. याचा अर्थ कुणी तो वाचला नाही, हे मला आत्यामुळे कळलं.

आत्या मुरबाड तालुक्यात, सरळगावाच्या पलीकडच्या एका खेड्यात दिलेली. शहापूरहून किन्हवली मार्गे एसटी पकडायची आणि मग थोडं चालायचं. घरी ती, मामा आणि त्यांची सून. मुलगा कारखान्यात नोकरीला, आठवड्याने यायचा. आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामाच म्हणतात. मामा बडबडे, थट्टेखोर. आत्या कमी बोलायची, पण बोलली की घर गप्प व्हायचं.

गावात तिची ख्याती एका गोष्टीसाठी होती. नाचणीचं सत्त्व. बाळंतीण घरी आली की पहिला निरोप आत्याकडे जायचा. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड काढायचे, पाट्यावर बारीक वाटायची, पाणी घालून पातळ मलमलीच्या फडक्यातून पिळून गाळायची. गाळलेलं दूध निवळत ठेवलं की वर पाणी येतं आणि तळाशी पांढरं शुभ्र सत्त्व बसतं. वरचं पाणी ओतून द्यायचं, सत्त्व उन्हात वाळवायचं. आत्याचं सत्त्व हातात घेतलं की पावडरीसारखं मऊ लागायचं. फडक्यात उरलेला खरखरीत गोळा म्हणजे चोथा. तो कोंबड्यांना, नाहीतर म्हशीच्या आंबोणात. चोथा माणसाने खायचा नसतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अशा बाईला तिच्याच भाचीने ‘चोथायुक्त आहार’ सांगितला. सुनेने तो कागद वाचून दाखवला तेव्हा मी समोरच बसले होते.

‘चोथा?’ आत्या म्हणाली. ‘मी काय म्हस हाय का गो?’

मामा खो खो हसले. मीही हसले. ती हसली नाही.

खरं तर त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. अंगणातला माणूस तिला आवाजावरून कळायचा. ती तांदूळ निवडायला बसायची ती बोटांनी. निवडून झालं की सून ताट आत न्यायची आणि चुलीपाशी बसून तेच तांदूळ पुन्हा निवडायची, आवाज न करता. सून गुणाची, तिने कधी हे बोलून दाखवलं नाही. पण आत्या एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ती माझ्यामागं तांदूळ परत निवडतंय. मला दिसत नाय, पण ऐकू येतंय ना.’ तिच्या आवाजात लाज होती. जिने गावातल्या अर्ध्या पोरांना पहिला घास पुरवला, तिच्या हातच्या ताटावर आता कुणाचा विश्वास उरला नव्हता.

ऑपरेशन केलं की दिसणार होतं, त्यात शंका नव्हती. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी साखर तपासली आणि तिला परत पाठवलं. साखर एवढी असताना डोळ्याला हात लावणार नाही, जखम चिघळली तर डोळा जाईल, आधी साखर आटोक्यात आणा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या चालू होत्याच. उपाशीपोटीची साखर गोळ्यांनी बरीच खाली आली होती. जेवणानंतर दोन तासांनी तपासलेली मात्र ढगात. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवण्याआधी खाणं बघा. खाणं बघायला मी होते. मला वाटलं, हे तर माझ्या डाव्या हातचं काम.

मी कल्याणहून ओट्सचा डबा आणला. त्या काळी मुरबाडच्या बाजारात ओट्स मागितले असते तर दुकानदाराने ‘कुठल्या गाडीचा पार्ट?’ असं विचारलं असतं. इसबगोलचा डबा सरळगावातच मिळाला, तो सगळीकडे मिळतो. सुनेला सगळं सांगितलं, कागद भिंतीवर डकवला आणि शहापूरला परतले. महिना गेला. रिपोर्ट आला. जेवणानंतरची साखर तसूभरही हलली नव्हती.

मला संताप आला. माझी खात्री झाली की आत्या चोरून काहीतरी गोड खातेय. रविवारी सकाळी पहिल्या गाडीने गेले ती भांडायच्या तयारीनेच.

‘आत्या, खरं सांग, गूळ खातेस ना?’

‘कुळस्वामिणीची आण, गुळाचा खडा तोंडात घातला नाय.’

‘मग साखर कुठून येते? आभाळातून पडते?’

‘तुझ्या त्या डब्यातून येत असंल,’ ती म्हणाली. ‘तवाधरनं दुसरं काय खाल्लंय मी? रोज सकाळी तुझं ते विलायती भुसकट आनी दुपारी नाचणी. भात निम्म्यावर आणलाय. इचार हिला.’

सुनेने मान हलवली. मामा ओसरीवरून म्हणाले, ‘खरं हाय. मीच सगळ्यात जास्त तरास भोगलाय. सकाळी च्यापन उशिरा भेटतोय, त्या डब्याच्या खटाटोपात.’

खटाटोप? ओट्सना कसला खटाटोप? पाण्यात शिजवायचे, मीठ घालायचं, झालं. मी म्हटलं, ‘आजचे केलेत? मला करून दाखव.’

तिने करून दाखवले, आणि मी कपाळाला हात लावला.

ओट्स रात्रीच भिजत घातले होते. सकाळी त्यांच्यावर पाणी ओतून तिने ते दोन्ही हातांनी चोळले. पाणी बुळबुळीत झालं, ते तिने टाकलं. पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं, पुन्हा टाकणं. ‘लई चिकट वस्तू हाय गो ही,’ ती चोळता चोळता तक्रार करत होती. ‘भेंडी परवडली. धुऊन धुऊन हात दुखत्यात, तवा कुठं चिकटा जातोय.’ मग ओट्स पाट्यावर वाटले. मग ते मलमलीचं फडकं आलं. पिळून दूध काढलं, निवळत ठेवलं, वरचं पाणी ओतून दिलं. फडक्यातला गोळा परसात भिरकावला आणि कोंबड्या त्यावर तुटून पडल्या. तळाशी जे पांढरं बसलं ते शिजवून तिने वाटीत घेतलं आणि अभिमानाने माझ्यापुढे धरलं. काय रंग होता! बाळंतिणीची नजर लागावी असं पांढरं सत्त्व.

‘आणि नाचणी?’ मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

‘तिचंबी सत्त्वच. आजाऱ्याला काय कुणी भाकर देतंय?’

तिची चूक नव्हती, ती तिच्या कलेच्या टोकाला गेली होती. ओट्समध्ये कामाची गोष्ट होती तो चिकटा. तो तिने पाण्याबरोबर वाहवला आणि उरलासुरला कोंबड्यांना घातला. तिने स्वतःसाठी ठेवला तो निव्वळ पिठूळ भाग. तो पोटात गेला की बघता बघता साखर होतो आणि रक्तात उतरतो. तान्ह्या बाळाला तेच हवं असतं, पचायला हलकं, लगेच अंगी लागणारं. साखरेच्या आजाराला नेमकं तेच नको असतं.

‘आणि इसबगोल?’

‘घेते की. रात्री निजताना. दोन घोट पान्यासंगं.’

‘जेवणाआधी घे म्हणून सांगितलं होतं ना?’

‘उपाशीपोटी कुणी औषध घेतंय? आनी तसंबी ते पोट साफ व्हायाचं औषध. माझं पोट साफच हाय.’

म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी नव्हे, घडाच दुसऱ्या विहिरीवर नेलेला. रात्रीचं जेवण सात वाजता, इसबगोल निजताना. जेवणातली साखर रक्तात जाऊन बसल्यावर मागून पहारेकरी पाठवायचा! वर दोन घोट पाण्यात कोरडं गिळणं, ते घशात फुगून अडकलं असतं तर साखरेचा प्रश्नच मिटला असता. हे मी तिला जरा चढ्या आवाजात सांगितलं.

तीही चढली. ‘तू मला चोथा खायाला सांगतेस, मी तुला सत्त्व करून दावते, वर तूच वरडतेस! चोथ्यात काय हाय ते सांग आधी. डोळ्यांनी दिसत नाय मला, पन समजतंय अजून.’

हा प्रश्न मला पेशंटांनी कधीच विचारला नव्हता. कॉलेजात आम्ही उत्तर लिहायचो ते असं : विद्राव्य तंतू जठरातील अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतात. आत्याला हे सांगितलं असतं तर तिने मलाच पाण्यात विरघळवलं असतं. माझी नजर दोरीवर वाळत घातलेल्या फडक्याकडे गेली.

‘गूळ आहे घरात?’ मी सुनेला विचारलं.

‘बघा!’ मामा ओरडले. ‘साखरवाली डॉक्टरीणच गूळ मागतंय!’

मी दोन पेल्यांत सारखाच गूळ, सारख्याच पाण्यात विरघळवला. एका पेल्यात दोन चमचे इसबगोल टाकून ढवळलं आणि आत्याला म्हटलं, आता जरा थांबायचं. तोवर मामांनी एका लग्नाची लांबलचक गोष्ट सांगून घेतली. मग मी दोन वाट्यांवर फडकी ताणून बांधली. साध्या गुळाचं पाणी ओतलं. ते सर्रकन खाली उतरलं, फडकं रिकामं. आत्याला दिसत नव्हतं, म्हणून तिची बोटं मी फडक्यावर ठेवली.

‘हे फडकं म्हणजे तुझं आतडं समज. वाटी म्हणजे रक्त. तुझ्या सत्त्वाचं असं होतं. आलं की गेलं.’

मग दुसरा पेला उलटा केला. आतलं पाणी आता पाणी राहिलंच नव्हतं. खिमटासारखं गिळगिळीत झालेलं ते फडक्यावर पडलं आणि तिथेच बसलं. खाली वाटीत एक थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा.

आत्याने त्यात बोट घातलं. चिमटीत घेऊन चोळलं. कान वाटीजवळ नेला. थेंब पडल्याचा आवाज तिने ऐकला आणि पुढच्या थेंबाची वाट बघत तशीच बसून राहिली.

‘गूळ तेवढाच हाय ना यात?’

‘तेवढाच. कुठे जात नाही. फक्त हळूहळू खाली उतरतो. शरीराला सावरायला वेळ मिळतो, तुझ्या गोळीला काम करायला वेळ मिळतो. एकदम उसळी येत नाही.’

‘म्हंजे रांगेत उभा राहतोय,’ ती म्हणाली.

‘अगदी.’

‘आनी हा चिकटा त्या भुसकटातबी होता?’

‘तोच तू रोज धुऊन टाकत होतीस.’

ती नाक मुरडून म्हणाली, ‘मग कागदावर चिकटा लिवायचं. चोथा कशाला लिवला?’

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. तंतू दोन जातीचे. एक पाण्यात बुळबुळीत होणारे, ओट्समधले, इसबगोलचे, कडधान्यांतलेही काही. साखरेला रांगेत उभं करतात ते हे. दुसरे सालीतले, कोंड्यातले, खरखरीत. ते पोट भरतात, पोट हलतं ठेवतात. छापील कागदाने दोघांना एकाच पोत्यात भरलं होतं. पण तिने सालीही टाकू नयेत असं मी बजावलं, कारण साल काढताना कडधान्याचा सगळा तोलच जातो आणि घास भरभर उतरतो.

त्यावरून पुन्हा खडाजंगी. आमच्याकडे भात निघाला की शेतात वाल पेरतात आणि मोड आलेल्या वालाची साल सोलूनच बिरडं करतात. सालीसकट बिरडं केलं तर सून माहेरी निघून जाईल, असं मामांचं मत पडलं. वालाची साल कडवट आणि चिवट, तिथे मी माघार घेतली. ठरलं असं : बिरडं सणावाराला, एरवी मटकी आणि मूग, मोड आणून, सालीसकट, गूळ न घालता. नाचणीची भाकरी, पीठ न चाळता. ओट्स न धुता, न गाळता, ताक-मिरची-मीठ घालून पेजेसारखे दाट. इसबगोल जेवणाच्या जरा आधी, मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी. गोळ्या बंद नाहीत, एकसुद्धा नाही. गोळी आणि इसबगोल एकाच घोटात मात्र नको, वेळा डॉक्टरांनी लावून दिल्या.

पहिला आठवडा वाईट गेला. आतापर्यंत गाळीव खाल्लेल्या पोटात एकदम एवढा तंतू गेला, पोट ढमढम वाजायला लागलं. मामांनी ओसरीवरची खाट अंगणात नेली आणि कारण सगळ्या आळीला सांगितलं. मी मात्रा कमी केली, हळूहळू वाढवली. आत्याने तेवढ्यात एकदाही ‘नको’ म्हटलं नाही. ओट्स तिला शेवटपर्यंत आवडले नाहीत. ‘ओल्या खोबऱ्याच्या किसात कुणी गोंद टाकलाय’ असं म्हणायची आणि वाटी चाटून पुसून संपवायची. हट्ट कुठे लावायचा हे एकदा कळलं की हट्टी माणसासारखा पेशंट नाही, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले आहे.

पुढच्या रिपोर्टात जेवणानंतरची साखर उतरली. त्याच्या पुढच्या रिपोर्टात आणखी. गोळ्यांचं श्रेय गोळ्यांना, निम्म्या झालेल्या भाताचं भाताला. पण त्या उसळ्या थांबल्या त्या फडक्यातल्या चिकट्याने, हे मी छातीठोक सांगते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि ऑपरेशनची तारीख दिली.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. दवाखान्याच्या बाकावर आत्या ताठ बसली होती, शेजारी मी, समोर खुर्चीवर मामा. मामा तिची करमणूक करत होते : आता तुला माझं रूप दिसंल, पळून जाशील. डॉक्टरांनी पट्टी सोडली, डोळा पुसला, हळू उघडायला सांगितला. तिने उघडला. पाणी आलं, तिने पदर लावला, पुन्हा उघडला. आधी खिडकी बघितली. मग मला बघितलं आणि ‘जाडी झालीस’ म्हणाली. मी रडत होते, त्यातही मला राग आला.

मग तिने मामांकडे बघितलं आणि बघतच राहिली.

‘काय झालं?’ मामा म्हणाले. ‘लई देखणा निघालो काय?’

‘अवो,’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘तुमचा गळा कुठं गेला? हाडं दिसत्यात. सदरा दुसऱ्याचा घातल्यागत लोंबतोय.’

‘वय झालं आता.’

‘वयानं असं नाय होत.’ ती माझ्याकडे वळली. ‘हे कधीपास्नं असे झाले? तुमी सगळी डोळसं माणसं, रोज बघताय ना यांना?’

मी मामांकडे नीट बघितलं. महिन्या-दोन महिन्यांनी मी त्या घरात जात होते, आणि दर वेळी आत्याच्याच ताटात डोकं घालून बसत होते. सून रोज बघायची, म्हणून तिला काही वेगळं दिसलं नसणार. रोजच्या माणसाचं तसं होतं. आत्याच्या नजरेत मात्र मामा दोन-तीन वर्षांपूर्वीचे होते, मोतीबिंदू येण्याआधीचे, भरल्या अंगाचे. तिच्यासाठी ते एका क्षणात एवढे वाळले होते.

‘तहान लागते का जास्त?’ मी मामांना विचारलं. ‘रात्री लघवीला उठायला लागतं?’

मामांनी पहिल्यांदाच थट्टा केली नाही. ‘लागतंय थोडं,’ ते म्हणाले. ‘पन घरात एक आजारी हाय, त्यात दुसऱ्यानं काय बोंब मारायची?’

आत्या उठली. डॉक्टर म्हणाले, बाई, आराम करा, वाकू नका. ती वाकली नाही. ताठ चालत मामांच्या खुर्चीपाशी गेली, त्यांचा दंड धरला, तो आपल्या मुठीत किती सहज मावतो ते बघितलं आणि मला म्हणाली, ‘रक्त काढतात ती खोली कुठं हाय ते दाव.’

मी पुढे झाले. मागून त्या दोघांच्या चपलांचा आवाज येत होता. मामा म्हणत होते, ‘अगो, सावकाश, तुझा डोळा.’ आणि ती म्हणत होती, ‘माझा डोळा बरा हाय. तुमी चला.’